अटलाटल : भाला फेकणारी दांडी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी शाळेत विज्ञान शिकवतो. तरफ शिकवताना दरवर्षी मुलांना माळावर नेऊन ही दांडी दाखवतो. व्हिडिओ पाहून किंवा मुलांकडून ऐकून लोक प्रश्न पाठवतात, आणि त्यांतले बरेचसे तेच ते असतात. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. उत्तर दुसऱ्या प्रश्नात येऊन गेलं असेल तर तिकडचा क्रमांक दिला आहे.

१. अटलाटल म्हणजे नक्की काय?

साधारण हातभर लांबीची दांडी. एका टोकाला मूठ, दुसऱ्या टोकाला छोटी आकडी. आंबे उतरवायच्या काठीला असते तशीच, फक्त बोटाच्या पेराएवढी. फेकायचा भाला हलका आणि लांब असतो, त्याच्या मागच्या टोकाला खळी असते. ती खळी आकडीवर टेकवायची, भाला दांडीला समांतर ठेवायचा आणि दांडीसकट हात पुढे झोकायचा. दांडी हातातच राहते, भाला आकडीवरून सुटून जातो.

या हलक्या भाल्याला मी पुढे ‘बरची’ म्हणणार आहे. ऑलिंपिकच्या भाल्याशी त्याची गल्लत झाली की पुढचं सगळं गणित बिघडतं (प्रश्न ६ पाहा). माझी बरची १.८ मीटर लांब आहे, वजन १०० ग्रॅमच्या आसपास. दांडी मुठीपासून आकडीपर्यंत अर्धा मीटर.

२. हा शब्द कुठला? उच्चार काय करायचा?

मेक्सिकोतल्या नाहुआट्ल भाषेतला. अझ्टेक लोक ही भाषा बोलत आणि आजही तिथे ती बोलणारे लाखो लोक आहेत. शेवटचा ‘ट्ल’ त्यांच्याकडे एकच व्यंजन आहे. जीभ ‘ट’साठी लावायची आणि हवा जिभेच्या कडांनी सोडायची. आपल्याला ते अवघड जातं, म्हणून सरळ ‘अटलाटल’ म्हणा. ऑस्ट्रेलियात याच दांडीला ‘वूमेरा’ म्हणतात. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या रॉकेट चाचणी केंद्राला १९४७ मध्ये हेच नाव दिलं गेलं. नाव ठेवणाऱ्याला तरफ कळत होती, असं मला ते वाचून वाटलं होतं.

३. हातात एक काठी जास्त आली म्हणून वेग वाढतो कसा?

दाराची कडी आणि बिजागरी आठवा. दार एकच, पण कडी जोरात फिरते आणि बिजागरीजवळचा भाग जेमतेम हलतो. वळण्याचा वेग सारखाच असतो, पण जो बिंदू आसापासून लांब तो जास्त अंतर कापतो.

फेकताना आपला हात असाच एकात एक गुंतलेल्या बिजागऱ्यांचा असतो. आधी कंबर वळते, मग खांदा, मग कोपर, सगळ्यात शेवटी मनगट. प्रत्येक सांधा आपल्या वेगाची भर घालतो. मनगटाच्या पुढे मात्र आपल्याकडे फक्त तळहात उरतो, म्हणजे जेमतेम १० सेंटिमीटर. त्यामुळे मनगटाच्या झटक्याचा फायदा फारसा पदरात पडत नाही. अटलाटल त्या १० सेंटिमीटरचे ५० करते. झटका तोच, आरा पाचपट.

आकड्यांत पाहू. धरा की झोक संपत येताना मनगट स्वतः सेकंदाला १२ मीटर वेगाने पुढे चाललं आहे आणि त्याच वेळी ते सेकंदाला २५ रेडियन, म्हणजे सुमारे चार फेऱ्यांच्या वेगाने वळत आहे. नुसत्या हातात बरची असेल तर वळण्याची भर २५ गुणिले ०.१, म्हणजे २.५. एकूण १४.५ मीटर प्रति सेकंद. दांडीच्या टोकाला तीच भर २५ गुणिले ०.५, म्हणजे १२.५. एकूण २४.५. हे ताशी सुमारे ८८ किलोमीटर झाले. सरावलेले लोक दांडीने फेकतात तेव्हा बरचीचा वेग साधारण याच पट्ट्यात येतो, २० ते ३० मीटर प्रति सेकंद.

४. म्हणजे कमान लांब झाली, बल जास्त अंतरभर लागलं, म्हणून ऊर्जा वाढली. एवढंच ना?

पुस्तकात बहुतेक एवढंच लिहिलेलं असतं. ते चूक नाही, पण अर्धंच आहे. मीही काही वर्षं मुलांना एवढंच सांगत होतो. मग एका मुलीने फळ्यावर गुणाकार करून दाखवला आणि हिशेब जुळेना.

वरचेच आकडे घ्या. नुसत्या हाताने १४.५ मीटरच्या वेगाने गेलेल्या १०० ग्रॅमच्या बरचीत साडेदहा ज्यूल ऊर्जा असते. दांडीने २४.५ च्या वेगाने गेली की ३० ज्यूल. जवळजवळ तिप्पट. आता अंतर पाहा. हात मागून पुढे यायला साधारण दीड मीटर. दांडी सुरुवातीला हाताच्या मागे आडवी असते आणि सुटताना उभी होते, म्हणजे आकडी हातापेक्षा अर्धा मीटर जास्त पुढे सरकते. दीडाचे दोन झाले. अंतर वाढलं फक्त एक तृतीयांशाने. ऊर्जा तिप्पट व्हायची तर बरचीवरचं सरासरी बलही दुपटीहून जास्त वाढलं पाहिजे. भागाकार करून बघा, ७ न्यूटनचे १५ होतात.

हात तोच, माणूस तोच, मग बल आलं कुठून?

ते आधीपासून होतंच, फक्त वाया जात होतं. रिकाम्या हाताने जोरात कागदाचा बोळा फेकून पाहा. खांद्याला झटका बसतो, बोळा मात्र पाच पावलांवर पडतो. सगळी मेहनत हाताला पळवण्यात गेली. हाताचं वजन तीन-साडेतीन किलो, बरचीचं १०० ग्रॅम. फेक संपल्यावर हातातली ऊर्जा हातातच राहते आणि खांद्याने ती जिरवायची असते. हलकी वस्तू नुसत्या हाताने फेकताना स्नायूंना पुरेसा विरोधच मिळत नाही. तोफ आहे, पण गोळ्याऐवजी वाटाणा भरला आहे.

दांडी लावली की आकडी हाताच्या दुप्पट वेगाने पळते. म्हणजे हाताला तीच बरची जड लागते, आणि दुप्पट नव्हे तर चौपट, कारण वेगही दुप्पट आणि उलटं येणारं बलही दुप्पट. १०० ग्रॅमची बरची हाताला ४०० ग्रॅमची वाटते. आता स्नायूंना ढकलायला काहीतरी मिळालं. शेवटच्या क्षणी हात मंदावतो आणि बरची वेग घेते. चाबकाची मूठ थांबते आणि टोक कडाडतं, तसंच. सायकलच्या गिअरचं उदाहरण मुलांना लगेच पटतं. उतारावर हलक्या गिअरमध्ये पाय नुसतेच भराभर फिरतात आणि सायकलला काहीच मिळत नाही. जड गिअर टाकला की पाय सावकाश फिरतात, पण दम चाकापर्यंत पोचतो. अटलाटल हा हाताचा जड गिअर आहे.

फुकट काहीच मिळालेलं नाही. ३० ज्यूल तुमच्याच पोटातल्या भाकरीचे आहेत.

५. मग दांडी एक मीटर लांब केली तर वेग आणखी वाढेल का?

हा प्रश्न दर महिन्याला येतो. एका दहावीच्या मुलाने तर प्रश्न विचारण्याआधीच सव्वा मीटरची दांडी करून आणली होती. पाच-सहा वेळा फेकलं आणि नंतर मनगट चोळत बसला.

अडचण मनगटात आहे. आपल्या उदाहरणात शेवटच्या टप्प्यात, म्हणजे सेकंदाच्या बाराव्या हिश्शात, बरचीचा वेग ८ वरून २४.५ पर्यंत जातो. त्यासाठी आकडीवर सुमारे २० न्यूटन बल लागतं. म्हणजे अर्ध्या मीटरच्या काठीच्या टोकाला दोन लिटर पाण्याची बाटली टांगून ती नुसत्या मनगटाने उचलण्याएवढा पीळ. करून बघा, जमतं, पण जोर लागतो. काठी एक मीटर केली की पीळ दुप्पट. वर काठीचं स्वतःचं वजन आहे, आणि तेही टोकाकडे सरकलेलं. काठी दुप्पट लांब आणि तेवढीच जाड असेल तर ती गरागरा फिरवायला आठपट अवघड होते. मनगट हार मानतं, वळण्याचा वेग २५ चा दहा-बारावर येतो आणि लांबीने कमावलेलं तिथेच गमावलं जातं.

म्हणून जगभरच्या जुन्या दांड्या बहुतेक ४० ते ६० सेंटिमीटरच्या आहेत. काही ऑस्ट्रेलियन वूमेरा याहून बऱ्याच लांब असतात, पण त्या पातळ फळीसारख्या आणि हलक्या असतात. सुरुवात करणाऱ्याने कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतची लांबी घ्यावी. आपली जुनी ‘हातभर’.

६. सर, नीरज चोप्राने ही दांडी वापरली तर तो भाला कुठवर जाईल?

बहुधा ९० मीटरच्या बराच अलीकडे पडेल. नियमात ते बसत नाही हा भाग सोडून देऊ. पुरुषांचा स्पर्धेतला भाला ८०० ग्रॅमचा असतो, आपल्या बरचीच्या आठपट. प्रश्न ५ मधला पीळ आठने गुणा. अर्ध्या मीटरच्या काठीला सोळा किलोची बादली टांगून ती मनगटाने झटकायची. नीरजचं मनगट झालं तरी मनगटच आहे.

शिवाय ८०० ग्रॅमचा भाला हाताला आधीच योग्य गिअरमध्ये आहे. तिथे स्नायूंना भरपूर विरोध मिळतो. दांडीचा फायदा हलक्या वस्तूलाच होतो, हे प्रश्न ४ नीट वाचलं की आपोआप कळतं.

७. मग २५८ मीटरचा विक्रम सांगतात तो खरा आहे का?

खरा आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात डेव्ह एंगव्हॉल यांनी २५८.६३ मीटर फेक केली. पण ती कार्बन फायबरच्या दांडीने आणि खास अंतरासाठी बनवलेल्या हलक्या बरचीने. शिकारीच्या बरचीशी तिचं नातं रेसच्या सायकलचं दूधवाल्याच्या सायकलशी असतं तेवढंच. हवेचा विचार बाजूला ठेवला तरी इतकं लांब जायला सुटतानाचा वेग ५० मीटर प्रति सेकंद तरी हवा, म्हणजे आपल्या उदाहरणाच्या दुप्पट. लांब पल्ला आणि अचूक नेम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक लोक नेमाच्याच स्पर्धा खेळतात. तिथे पाच फेका १५ मीटरवरून आणि पाच २० मीटरवरून असतात.

८. स्लो मोशनमध्ये बरची मासळीसारखी वळवळताना दिसते. ती कमकुवत आहे का?

नाही, तिने वाकायलाच हवं. सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आकडी सरळ रेषेत जात नाही. ती कमानीतून जाते, आधी वर चढते आणि मग पुढे. बरचीचं शेपूट आकडीवर टेकलेलं असल्याने त्यालाही कमानीतूनच जावं लागतं. टोक मात्र लक्ष्याकडेच राहायला हवं. एक टोक वर चाललं आहे आणि दुसऱ्याला सरळ जायचं आहे, तर मधल्या काठीने वाकणं हा एकच तोडगा उरतो. बरची लोखंडी गजासारखी ताठ असेल तर शेपूट वर जाताच टोक खाली झुकतं, खळी आकडीवरून निसटते आणि बरची पाच-सात मीटरवर जमिनीत घुसते. सुटताना ‘टक्’ असा आवाज येतो. तो आवाज ऐकला की मी न बघताच सांगतो, काठी फार ताठ आहे.

उलट बरची फार मऊ असेल तर ती पुढे जायच्या आधीच धनुष्यासारखी दुमडते. सुटल्यावर लांबपर्यंत डुलत राहते, पिसांचा फडफड आवाज येतो आणि ती लक्ष्यावर तिरकी आदळते. चांगली बरची सुटताना वाकते, दोन-तीनदा हेलकावते आणि दहा मीटरच्या आत शांत होते.

काही जण म्हणतात की वाकलेली बरची स्प्रिंगसारखी उलगडते आणि त्यातून जास्तीचा वेग मिळतो. हाय-स्पीड कॅमेऱ्याने काढलेली चित्रं पाहिली की दिसतं, बरची सुटते तेव्हाही ती वाकलेलीच असते. आकडीला रेटून उलगडायला तिला वेळच मिळत नाही. वाकण्याचं काम वाट सोपी करण्याचं आहे, धक्का देण्याचं नाही.

९. पण बरची योग्य तेवढीच वाकणारी आहे हे फेकण्याआधी कसं ओळखायचं?

घरातल्या वजनकाट्यावर. बरचीचं टोक काट्यावर उभं टेकवा आणि वरच्या टोकावर तळहाताने सरळ खाली दाबत जा. आकडा चढत जातो आणि एका क्षणी काठी एकदम पोट काढते. मग कितीही दाबलं तरी आकडा वाढत नाही. तो आकडा लिहून ठेवा. माझ्या नीट जाणाऱ्या बरच्यांचा आकडा तीन-चार किलोच्या आसपास येतो. प्रश्न ५ मध्ये आकडीवरचं बल दोन किलोएवढं निघालं होतं. काठीची सहनशक्ती त्याहून थोडी जास्त असावी, खूप जास्त नको.

आकडा कमी आला तर काठी थोडी कापा. ही सहनशक्ती लांबीच्या वर्गाच्या उलट प्रमाणात बदलते, त्यामुळे एक दशांश लांबी कमी केली की ती जवळजवळ पाव भागाने वाढते. म्हणून बोट-दोन बोटं कापून परत काट्यावर ठेवायची, एकदम वीतभर कापायची नाही. आकडा जास्त आला तर बांबू सगळीकडून सारखा तासून पातळ करा किंवा टोकाला थोडं वजन लावा. टोक जड झालं की शेपटाला जास्त विरोध होतो आणि तीच काठी जास्त वाकते.

तोल मधोमध नको, मध्यापेक्षा थोडा टोकाकडे हवा. शेपूट जड असलेली बरची हवेत आडवी होते.

१०. घरी करायची तर काय साहित्य लागेल?

दांडीसाठी कडुनिंबाची किंवा बाभळीची अशी फांदी शोधा जिला बाजूने तिरका फाटा फुटला आहे. फाटा पेराएवढा ठेवून कापला की आकडी तयार. चिकटवलेली किंवा खिळ्याची आकडी निघते, अंगची निघत नाही. बरचीसाठी करंगळीएवढा जाड, सरळ, वाळलेला कळक. पोकळ असेल तर मागचं तोंडच खळीचं काम करतं, फक्त त्यावर मेणाचा दोरा घट्ट गुंडाळा, नाहीतर तिसऱ्या फेकीला चिरतो. भरीव असेल तर गिरमिटाने खळी पाडा. आकडी खळीत सैल बसली पाहिजे. घट्ट बसली तर बरची सुटतच नाही. वाकडा कळक विस्तवावर धरून गुडघ्यावर सरळ करता येतो. मागे दोन पिसं पुरतात, कोंबडीची चालतात.

मुलांसाठी टोकाला अणी लावू नका. रबरी बूच लावा.

११. माझी बरची एकतर आभाळात जाते किंवा पायाशी पडते. चुकतंय काय?

बहुतेक वेळा मनगट घाईत असतं. दांडी हातात आली की लोकांना वाटतं झटका मारायचा आणि ते सुरुवातीलाच मनगट वळवतात. तेव्हा हाताला वेगच आलेला नसतो, दांडी लवकर उभी होते आणि बरची वर उडते, तीही लुळी. क्षेत्ररक्षकाचा चेंडू लवकर सुटला की यष्टिरक्षकाच्या डोक्यावरून जातो, तसंच. मनगट उशिरा वळलं तर बरची खाली खुपसते.

उजव्या हाताचे असाल तर डावा पाय पुढे. मूठ कानाच्या थोडी मागे, बरची डोळ्याच्या उंचीवर आडवी. शेवटची तीन बोटं दांडी धरतात, अंगठा आणि तर्जनी बरचीला फक्त शेजारून आधार देतात. चिमटीत आवळायची नाही. वजन पुढच्या पायावर घ्या, कोपर पुढे येऊ द्या, हात सरळ होत आला की मनगट आपोआप वळतं. मी मुलांना सांगतो, झटका विसरा, भिंतीवर उंच लागलेला खिळा हातोडीने ठोकायचा आहे असं समजा. हातोडी मारताना कोणी मनगटाने सुरुवात करत नाही.

नेम धरताना बरची खाली पडते हे विसरू नका. आपल्या वेगाला २० मीटर जायला ०.८ सेकंद लागतात आणि तेवढ्यात ती सव्वातीन मीटर खाली येते. १५ मीटरला पावणेदोन मीटरहून थोडी जास्त. म्हणजे नेम लक्ष्याच्या बराच वर धरावा लागतो, आणि पाच मीटर मागे सरकलं की तो जवळजवळ दीड मीटरने बदलतो.

१२. ही तर आपली गोफणच झाली की!

तत्त्व तेच, हात लांब करण्याचं. पण गोफणीची दोरी फक्त ओढू शकते, ढकलू शकत नाही. म्हणून गोफण फिरवत धोंड्याला वर्तुळात ओढत न्यावं लागतं आणि एक टोक सोडून द्यावं लागतं. धोंडा गोल असल्याने तो कुठल्याही बाजूने सुटला तरी चालतो. बरचीला मागून ढकलावं लागतं, आणि ते कडक वस्तूच करू शकते. म्हणून तिथे काठी.

अपवाद आहे. ग्रीक आणि रोमन सैनिक भाल्याच्या मध्याला चामड्याची वादी गुंडाळून तिच्या फासात बोट अडकवत. ती वादी हात लांब करते आणि उलगडताना भाल्याला स्वतःभोवती फिरवतेही. पण तिथे भाला मागून ढकलला जात नाही, मधून ओढला जातो.

अटलाटलचा खरा भाऊबंद पाहायचा असेल तर क्रिकेटच्या नेटमध्ये जा. फलंदाजांना वेगवान सराव देण्यासाठी टोकाला वाटी असलेला लांब दांडा वापरतात, साइडआर्म. चेंडू वाटीत बसतो, धावत न येता १४० च्या वेगाने जातो आणि फेकणाऱ्याचा खांदा वाचतो. बरचीपेक्षा जड चेंडू जास्त वेगाने का जातो, असं पुढे विचारतात. चेंडू कसाही सुटला तरी चालतो, त्याला वाकायचं नसतं आणि टोक सांभाळायचं नसतं. दोन मीटरच्या काठीला हे सगळं सांभाळत सुटावं लागतं.

१३. दांडीला दगड बांधला की वेग वाढतो असं वाचलं. खरं का?

उत्तर अमेरिकेतल्या काही जुन्या दांड्यांना खरोखरच घडवलेले दगड बांधलेले सापडले आहेत, ॲरिझोनातल्या कोरड्या गुहांमध्ये तर दोऱ्यासकट. पण फिरणाऱ्या काठीवर वजन वाढवलं की ती फिरवणं अवघडच होतं. तेवढी ऊर्जा दगडात जाते आणि दगड तर हातातच राहतो. त्यामुळे वेगासाठी ते कारण मला पटत नाही. लांब बरची आडवी धरून सावजाची वाट बघत उभं राहिलात तर मात्र दगडाचा उपयोग जाणवतो. पुढे जड बरची, मागे दगड, हात थरथरत नाही. मी गुळाच्या ढेकळाएवढा दगड बांधून पाहिला. फेक थोडी मंदावली, पण दोन मिनिटं थांबून नेम धरणं सोपं गेलं. काही दगड इतके सुंदर घडवलेले आहेत की त्यांत मिरवण्याचा भागही असणारच.

१४. हे किती जुनं आहे? भारतात होतं का?

सगळ्यात जुनी सापडलेली आकडी फ्रान्समधल्या कॉम्ब सोनिएर गुहेतली. रेनडिअरच्या शिंगाची, १७ हजार वर्षांहून जुनी. त्यानंतरच्या काळात याच भागात शिंगाच्या आकड्यांवर प्राणी कोरलेले मिळतात. ल मास दाझील गुहेतल्या तुकड्यावर मागे वळून पाहणारं पाडस आहे आणि त्याच्या शेपटाशी बसलेले पक्षी हीच आकडी आहे. लाकूड कुजतं, शिंग उरतं, म्हणून ही कल्पना याहूनही जुनी असू शकते.

भारतात ही दांडी वापरात असल्याचा पक्का पुरावा पुढे आलेला नाही. तमिळनाडूतली वळरी किंवा गुजरातेतल्या कोळ्यांचा फेकायचा लाकडी दांडा हे हातातून सुटून जाणारं शस्त्र आहे. तिथे काठी स्वतःच उडते, दुसऱ्याला उडवत नाही.

१५. धनुष्य आल्यावर हे का संपलं? की संपलं नाही?

बऱ्याच ठिकाणी संपलं. कॅनडातल्या युकॉनमध्ये डोंगरावरचा बर्फ वितळतो आहे आणि त्यातून शिकाऱ्यांच्या बरच्या पिसं-दोऱ्यासकट बाहेर येत आहेत. हजारो वर्षं तिथे फक्त बरच्या दिसतात. सुमारे १२०० वर्षांपूर्वीपासून बाण दिसू लागतात आणि बरच्या थांबतात.

ऊर्जेत फार फरक नाही. साध्या धनुष्यातून ३० ग्रॅमचा बाण ५० मीटर प्रति सेकंदाने गेला तर ३७ ज्यूल होतात, आपल्या ३० च्या जवळच. पण धनुष्य झुडपात बसून मारता येतं, बाण डझनभर बाळगता येतात आणि मुख्य म्हणजे बाण खाली कमी पडतो. प्रश्न ११ मधले सव्वातीन मीटर बाणाला फक्त ८० सेंटिमीटर होतात. नेम धरणाऱ्यालाच या फरकाची किंमत कळते.

तरी काही जागी दांडी टिकली. आर्क्टिकमधल्या कयाकमधून शिकार करताना एक हात वल्ह्यावर असतो, धनुष्याला दोन्ही हात लागतात, दांडीला एकच. वर थंड पाण्याने धनुष्याची तात भिजण्याची भीती नाही. मेक्सिकोतल्या पात्झ्क्वारो तलावात लोक विसाव्या शतकातही दांडीने बदकं मारत होते. ऑस्ट्रेलियात धनुष्य रुळलंच नाही. तिथल्या वाळवंटातली वूमेरा एकटीच पाच कामं करते. तिच्या मुठीला डिंकाने दगडी पातं बसवलेलं असतं, पोटात रंग कालवतात आणि कड लाकडावर घासून विस्तव पाडतात.

१६. याने शिकार करता येते का?

भारतात नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, शस्त्र कुठलंही असो. अमेरिकेत मिसुरीसारख्या काही राज्यांत परवानगी आहे, तिथल्या नियमांनी. मी गवताच्या पेंढीवर मारतो.

जागा मात्र मोठी घ्या. २४.५ च्या वेगाने ४५ अंशात सुटलेली बरची ६० मीटर जाऊ शकते. म्हणून पुढे शंभर मीटर मोकळं रान असू द्या, गुरं आणि माणसं नसलेलं. सगळे फेकणाऱ्याच्या मागे, आणि सगळ्यांच्या बरच्या फेकून झाल्याशिवाय कोणीही आणायला जायचं नाही. गवतात उभी राहिलेली बरची सगळ्यात धोकादायक असते. तिचं शेपूट बरोबर डोळ्याच्या उंचीवर तुमच्याकडे तोंड करून असतं आणि समोरून बघितलं तर टिंबाएवढंच दिसतं. ती आणायला धावायचं नाही, बाजूने चालत जायचं.

१७. फेकताना बरचीच्या ऐवजी दांडीच हातातून निसटली तर?

निसटते, विशेषतः उन्हात घाम आला की. अझ्टेकांच्या काही दांड्यांना मुठीपाशी बोटं घालायला दोन कड्या असतात. ॲरिझोनातल्या दांड्यांना चामड्याचे फास आहेत. मी सुतळीचा फास करून मनगटात अडकवतो आणि मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळतो. त्याआधी माझी पहिली दांडी शेजारच्या विहिरीत गेली होती. बरची तिथेच आकडीवरून घसरून पायाशी पडली होती.